गेटचे खांब, कंपाऊंड आणि बागेतला लिंब: बंगल्याबाहेरची दिवाळीची रोषणाई पहिल्यांदा करताना

जळगावात स्वतःच्या बंगल्यात आमची पहिली दिवाळी होती. मी हौसेने लायटिंगच्या दोन माळा लोखंडी गेटच्या जाळीतून ओवल्या आणि गेट उघड-बंद करून बघितलं. छान दिसत होतं. रात्री परतीच्या पावसाची एक सर आली. पहाटे दूधवाले भाऊ आले, त्यांनी कडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ताई, गेटमध्ये करंट शे!" मी घरातून मेन स्विच पाडला तेव्हा कुठे ते आत आले. नुकसान काही झालं नाही, त्यांच्या हाताला नुसत्या झिणझिण्या आल्या. पण काल रात्री शेजारची पोरं त्याच गेटला लोंबकळत होती, हे आठवलं आणि माझे हातपाय गार पडले.

वायरमनने येऊन बिजागरीजवळ बोट दाखवलं. गेट फिरताना माळेची वायर तिथे दाबली जात होती. वरचं प्लॅस्टिक सोललं होतं आणि आतलं तांबं लोखंडाला टेकलं होतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त माळा थेट घरातल्या 230 व्होल्टवर चालतात. दिवे नाजूक दिसतात म्हणून करंटही नाजूक असेल, असं मला वाटलं होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. लायटिंगमध्ये चिंता लोडची नसते, जोडाची असते. एलईडीच्या एका माळेला ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज लागते. आठ-दहा माळांनी घरातलं काहीच जळत नाही. बिघडतं ते जिथे वायर वायरला जोडली आहे, जिथे ती घासते आणि जिथे पाणी शिरतं तिथे. खालचं सगळं हेच धरून सांगते.

आधी टेप घ्या, मग बाजारात जा

वसुबारसेच्या आठवडाभर आधी सुताराकडे असते तशी मोजायची टेप आणि वही घेऊन बाहेर उभे राहा. आमच्या बंगल्याचं उदाहरण देते, त्यावरून तुमचा हिशोब काढता येईल. रस्त्याकडची बाजू 60 फूट आहे. त्यात मधोमध नाही, जरा उजवीकडे, 12 फुटांचं गेट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट रुंदीचे चौकोनी खांब. म्हणजे भिंत उरली 45 फूट, डावीकडे 30 आणि उजवीकडे 15. खांबांची उंची 7 फूट. बागेत एक लिंब, बुंध्याचा घेर 3 फूट.

नवखी माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती खांबात. "सात फुटांचा खांब, त्याला एक माळ पुरे," असं वाटतं. पण गोल-गोल गुंडाळायचं असेल तर एका वेढ्याला खांबाच्या चारही बाजू मोजाव्या लागतात, म्हणजे 6 फूट. दोन वेढ्यांत 6 इंच अंतर ठेवलं तर 7 फुटांत 14 वेढे बसतात आणि माळ लागते 84 फूट, जवळजवळ 26 मीटर. बाजारातली नेहमीची माळ 10 मीटरची, म्हणजे एका खांबाला तीन. तेच अंतर 8 इंच केलं की साधारण साडेदहा वेढे, 63 फूट, 19 मीटर, आणि दोन माळांत काम होतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला 6 आणि 8 इंचांतला फरक कळत नाही. तुम्हाला मात्र खांबामागे एक जोड कमी करावा लागतो.

भिंतीवर माळ सरळ ताणण्यापेक्षा तोरणासारखी झोळ देऊन लावली की शोभते. दर 4 फुटांवर एक टेकण आणि मध्ये अर्धा फूट झोळ, एवढं पुरतं. त्यासाठी 30 फूट भिंतीला सुमारे 31 फूट माळ लागते, आणि 10 मीटर म्हणजे जवळपास 33 फूट, म्हणजे एका माळेत बसतं. झोळ एक फुटाचा केलात तर 35 फूट लागेल आणि दोन-तीन फुटांसाठी दुसरी माळ जोडावी लागेल. उजवीकडच्या 15 फुटांत अर्धी माळ उरते. ती आम्ही गेटजवळच्या जास्वंदीवर सोडतो. उरलेली माळ कापून छोटी करू नका. तिच्यातले दिवे एकामागे एक जोडलेले असतात. काही दिवे कमी झाले की बाकीच्यांवर जास्त व्होल्टेज येतं आणि ते भराभर जातात.

लिंबाचा बुंधा जमिनीपासून दीड फूट सोडून पुढचे 6 फूट गुंडाळायचा. वेढ्यांत 4 इंच अंतर ठेवलं तर 18 वेढे आणि 54 फूट लागतात, म्हणजे दोन माळा. झाडाला अंतर कमी ठेवावं, कारण साल गडद असते आणि विरळ दिवे त्यात हरवून जातात.

एकूण झालं असं: खांबांना चार, भिंतीला दोन, लिंबाला दोन. आठ माळा आणि एक जास्तीची. पाकिटावर साधारण 8 वॅट लिहिलेलं असेल तर आठ माळांचे 64 वॅट. रोज पाच तास लावल्या तर पाच दिवसांत दोन युनिटही होत नाहीत. आमचे सासरे दर वर्षी "बिल येईल बिल" म्हणतात, त्यांना हा हिशोब वहीत दाखवून झाला आहे.

एक सल्ला आवडीनिवडीचा आहे, पटला तर घ्या. सगळ्या माळा एकाच रंगाच्या घ्या. पिवळसर पांढऱ्या दिव्यांत झेंडू आणि आंब्याची पानं खुलून दिसतात. निळसर पांढऱ्या दिव्यांत तोच झेंडू आजारी वाटतो. आणि लुकलुकणारा मोड बंद ठेवा, निदान समोर राहणाऱ्यांसाठी.

करंट कुठून आणायचा

बहुतेक बंगल्यांच्या गेटच्या दोन्ही खांबांवर दिवे असतात आणि त्यांची वायर घरातून जमिनीखालच्या पाइपातून आलेली असते. रोषणाईला करंट आणण्याची हीच सगळ्यात चांगली जागा. वायरमनकडून प्रत्येक खांबाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, झाकण असलेला बाहेर चालणारा सॉकेट बसवून घ्या. काम तास-दोन तासांचं आहे आणि एकदाच करायचं आहे. मग पोर्चमधल्या एका बटणावर सगळी रोषणाई चालू-बंद होते. मुख्य म्हणजे गेटच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वायर न्यावी लागत नाही. गेटखालून जमिनीवर टाकलेल्या वायरवरून दिवसातून दहा वेळा गाडी जाते. तिचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

गेटच्या दिव्यांच्या जुन्या लायनीत अर्थिंगची वायर पुष्कळदा नसतेच. सॉकेट बसवताना ते तपासायला सांगा.

खांबावर दिवे नसतील तर पोर्चमधून तीन तारांची, दीड एमएमची तांब्याची केबल आणा. दोन तारांची पांढरी पातळ वायर नको. केबल भिंतीच्या आतल्या बाजूने, कमरेएवढ्या उंचीवरून न्या, लॉनवरून नाही. आमच्याकडची काळी माती एकदा भिजली की आठवडाभर ओल धरून ठेवते, आणि वरून कोरडी दिसणारी जमीन दोन इंच खाली चिखल असते.

आता ईएलसीबीबद्दल. मीटरच्या बोर्डावर जे रुंदट स्विच असतं आणि ज्यावर टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं, ते हे. बाजूचे एमसीबी वेगळे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. तो 6 किंवा 16 अँपिअरच्या पुढे गेल्यावर पडतो आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी करंट पुरतो. ईएलसीबी गेलेला आणि परत आलेला करंट मोजतो. 30 मिलीअँपिअरचा फरक आला, म्हणजे करंट कुठेतरी लोखंडातून, मातीतून किंवा माणसातून निसटतोय असं दिसलं, की तो क्षणात पडतो. माळांच्या पिना दोन काड्यांच्या असतात, त्यांना अर्थिंग नसतंच. म्हणून बाहेरच्या रोषणाईत हा एकच राखणदार असतो. टी बटण दाबा. खटकन पडला तर ठीक. पडला नाही तर माळा आणण्याआधी तो बदला. आमच्या त्या पहिल्या दिवाळीत गेटची लाइन ईएलसीबीतून गेलेलीच नव्हती. बांधकामाच्या वेळी कुणी तरी ती थेट जोडून मोकळा झाला होता. तुमची लाइन त्यातून जाते का हे बघायला ईएलसीबी हाताने पाडा. गेटचे दिवे विझले पाहिजेत.

बांधण्याआधी एक संध्याकाळ ओसरीत

सगळ्या माळा, जुन्या आणि नव्या, ओसरीत पसरून तासभर लावा. गुंडाळी सोडवूनच लावा. मग पिना काढून प्रत्येक जोड, पिन आणि मोड बदलायची छोटी डबी हाताने चाचपा. कोमट लागली तर चालेल, चटका बसत असेल तर ती माळ बाजूला. माळेचा एक सलग तुकडा विझलेला दिसला तर त्या तुकड्यातला एखादा दिवा गेलेला असतो किंवा वायर आतून तुटलेली असते. अशी माळ घरात देवघराला वापरा, बाहेर नको. वायर बोटांतून सरकवत न्या. टेप गुंडाळलेली जागा आली की तीही बाहेर नको. दुकानदार "पट्टी मारून देतो" म्हणतात, पण ती पट्टी पावसाच्या पहिल्या सरीला सुटते.

माळेला माळ किती जोडायच्या ते पाकिटावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर दोनच. तिसरी पेटते, पण पहिल्या माळेच्या बारीक वायरीतून तिन्हींचा करंट जातो.

बांधणी

बांधायला सुतळी किंवा प्लॅस्टिकचे केबल टाय. बांधकामावरची बारीक लोखंडी तार घरात पडलेलीच असते आणि हात तिकडेच जातो, पण ती वापरू नका. ती प्लॅस्टिक कापते, आणि कापल्यावर स्वतःच करंट घेऊन उभी राहते. भिंतीवर आडवा आधार हवा असेल तर तार न ताणता नायलॉनची दोरी ताणा.

खांबावर वरून खाली या. डोक्यावर एक वेढा सुतळीने पक्का करा आणि मग 8 इंच अंतर राखत खाली उतरा. अंतर राखायला मी 8 इंचांची पुठ्ठ्याची पट्टी कापून घेते, नाहीतर वर दाट आणि खाली विरळ होतं. शेवटची पिन सॉकेटपर्यंत नेताना वायर आधी सॉकेटच्या खाली झोळ पडेल एवढी सैल सोडा आणि मग वर आणून पिन लावा. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळतं. हा झोळ असला की ते तिथे ठिबकून पडतं, सॉकेटात जात नाही.

माळेला माळ जोडलेली जागा आणि मोड बदलायची डबी मात्र खांबाच्या रस्त्याकडच्या बाजूला आणू नका. त्यांना आतल्या बाजूला, उंचावर, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि डब्याचं तोंड खाली करा. लोक त्यावर कॅरीबॅग घालून वरून टेप घट्ट आवळतात. त्यात रात्रीचं दव साचतं, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून छप्पर आणि खालून उघडं, असंच ठेवा.

भिंतीच्या माथ्यावर काचा किंवा लोखंडी भाले असतील तर माळ त्यांच्यावरून ओढू नका. माथ्याच्या चार इंच खाली, आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला दोरी बांधा. चिकटवायचे हुक जुन्या चुन्याच्या रंगावर टिकत नाहीत. दुपारच्या उन्हात रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात.

आणि गेट. गेटच्या हलणाऱ्या झडपांवर विजेची माळ नकोच. फारच हौस असेल तर पेन्सिल सेलवर चालणारी बारीक तारांची माळ लावा. तिच्यातून शॉक बसत नाही.

झाडं

झाडाला खिळा मारू नका, केबल टायही आवळू नका. सुतळीचा सैल फास पुरतो. लिंब, आंबा, सीताफळ ही झाडं वेढ्यांना चांगली. शेवग्यावर मात्र चढू नका आणि शिडीही टेकवू नका. शेवग्याची फांदी जाड दिसते आणि काकडीसारखी मोडते. फांद्यांमध्ये माळ न्यायची असेल तर जमिनीवर उभं राहून, टोकाला आकडी असलेल्या सुक्या बांबूने न्या. चढायचंच असेल तर लाकडी किंवा बांबूची शिडी. ॲल्युमिनियमची नको, आणि विजेच्या खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर झाडातून जात असेल तर ते झाड या वर्षी सोडून द्या. त्या वायरीचं जुनं प्लॅस्टिक उन्हाने तडकलेलं असतं.

बुंध्याचा खालचा दीड फूट सोडायला वर सांगितलं, त्याची कारणं दोन. एक म्हणजे बागेला पाणी घालताना नळीचा फवारा तिथेच बसतो. दुसरं म्हणजे घरातला कुत्रा. वर गेल्यावर खारींचा त्रास. त्या वायर कुरतडतात आणि ते आपल्याला संध्याकाळी कळतं. रोज संध्याकाळी बटण दाबण्याआधी एकदा झाडाभोवती चक्कर मारा. रोषणाई चालू असताना बागेला पाणी घालू नका. ते काम सकाळी उरका.

फुलं आणि केळीचे खांब

फुलांचं काम लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, आदल्या दिवशी नाही. ऑक्टोबरच्या उन्हात झेंडू दीड-दोन दिवसांत मान टाकतो. किती आणायचा हे कळायला एक फूट माळ ओवून बघा. मध्यम टपोऱ्या फुलांची, देठाकडून सुई घालून दाटीने ओवली तर माझ्याकडे फुटाला दहा-अकरा फुलं लागतात आणि एक किलोत साधारण 15 फूट माळ होते. गेटवरच्या तोरणाला झोळासकट 15 फूट, आणि दोन्ही खांबांवर समोरच्या बाजूला दोन-दोन सरी, प्रत्येकी 6 फुटांच्या, म्हणजे 24. एकूण 39 फूट, अडीच किलोच्या थोडं वर. खाली पडलेली आणि किडकी फुलं धरून तीन किलो आणा. तोरणात दर चार फुलांनंतर आंब्याचं एक पान घेतलं तर फुलं थोडी कमी लागतात आणि दिसतंही भरीव. ओवायला गोधडीचा जाड दोरा घ्या, शिवणाचा पातळ दोरा फुलांच्या वजनाने तुटतो.

फुलांच्या सरी आणि दिव्यांच्या माळा एकाच दोरीवर नको. फुलं ताजी राहावीत म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडलं जातं आणि ते थेट जोडावर पडतं. फुलं वेगळ्या दोरीवर खांबाच्या समोरच्या बाजूला, जोड आतल्या बाजूला.

केळीचे खांब आपल्याकडे विकत घ्यायची वेळ सहसा येत नाही. रावेर, यावल, चोपडा इकडे कुणी ना कुणी पाहुणा असतोच, आणि घड कापलेली केळ तशीही तोडायचीच असते. सहा फुटांचा खांब हवा. त्याला दोन माणसं लागतात, कारण तो पाण्याने भरलेला असतो. त्यातून करंट सहज वाहतो, म्हणून केळीवर दिव्यांची माळ गुंडाळू नका. गेटवर ते फार सुंदर दिसेल असं वाटतं, मलाही वाटलं होतं. वायरमन दादांनी हातातली माळच काढून घेतली.

आणताना पानं गुंडाळून सुतळीने बांधा, नाहीतर मोटारसायकलवर वाऱ्याने चिंध्या होतात. बुडखा वाळूने भरलेल्या घमेल्यात रोवा, वाळूवर पाणी घाला, आणि गेटच्या खांबाला दोन ठिकाणी बांधा. केळ आणि भिंत यांच्यामध्ये जुनं गोणपाट घाला. केळीचा चीक रंगावर आणि कपड्यावर पडला की काळपट तपकिरी डाग धरतो, तो निघत नाही. कापणाऱ्याने हाताला आधी तेल चोळावं आणि नवा सदरा घालू नये. आमच्या घरी ही दुसरी गोष्ट दर वर्षी कोणी तरी विसरतं.

श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट असतात तेव्हा पाऊस भरात असतो. तेव्हा बाहेर फक्त फुलं आणि केळी लावा, दिवे पोर्चच्या छपराखालीच ठेवा.

उतरवणं

तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी माळा उतरवा. झाडावर ठेवलेली माळ पुढच्या वर्षापर्यंत खारींनी खाल्लेली असते, आणि बुंधा जाड होत जातो तशी सुतळी सालीत रुतते. बटण बंद, ईएलसीबीही पाडलेला, पिना काढलेल्या, मगच हात लावायचा. माळ खेचू नका, बांधलेल्या गाठी वरून एकेक कापत या. सुक्या फडक्याने पुसून, तासभर सावलीत वाळवून, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळा आणि त्यावर लिहा: डावा खांब, 2 माळा, 8 इंच.